पावकी

माझ्या आजोबांनी मला पाढे शिकवले ते पूर्णांकांपुरते नव्हते. शाळेत तीसपर्यंतचे पाढे होत. घरी मात्र संध्याकाळी दिवा लागल्यावर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशी सारी अपूर्णांकांची फौज आमच्यासमोर उभी राही. आजोबा बडोद्यात दांडिया बाजारातील एका दुकानी हिशेबनीस होते. त्यांच्या मते पूर्णांक कोणालाही येतात; माणूस बुडतो तो पावात आणि निमात. पावकी सर्वांत सोपी, म्हणून ती आम्ही सर्वांत बेफिकीरपणे म्हणत असू. चार पावांचा एक होतो, एवढे कळले की मुलाला वाटते, पावकीत आता शिकण्यासारखे काय उरले?

पुढे मी स्वतः गणिताचा शिक्षक झालो. सरळव्याज आणि चक्रवाढव्याज ही दोन प्रकरणे मी तीसहून अधिक वर्षे फळ्यावर शिकवली. तरीही पाव टक्क्याचा खरा अर्थ मला कळला तो निवृत्तीनंतर. आणि तो कळण्यासाठी मला स्वतःचे एक जुने अपयश पुन्हा उघडून पाहावे लागले.

एप्रिल २०२३ मधील गोष्ट. माझ्या लेकीने त्याच वर्षी जानेवारीत गोत्री भागात घर घेतले होते. तीस लाखांचे कर्ज, वीस वर्षांची मुदत, साडेआठ टक्के बदलता व्याजदर आणि महिन्याचा हप्ता २६,०३५ रुपये. तिचे वय तेव्हा एकोणचाळीस. साठाव्या वर्षी नोकरी संपणार आणि त्याच्या काही महिने आधी कर्जही संपणार, असा तिचा नीट जुळवलेला आराखडा होता. एका रविवारी ती जेवायला आली असताना तिने मोबाइलवरचा बँकेचा संदेश मला दाखवला. दर साडेआठवरून पावणेनऊ टक्के झाला होता. त्याखाली दुसरे वाक्य होते : आपल्या हप्त्यात कोणताही बदल नाही.

“बाबा, दर वाढला, पण हप्ता तेवढाच ठेवलाय बघा,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं, आता वाढवतात की काय.”

तिच्या स्वरात सुटकेचा आनंद होता. मी मात्र हातातला घास तसाच ठेवला. हा आनंद मी ओळखत होतो. वीस वर्षांपूर्वी मलाही तो असाच झाला होता.

२००४ साली आम्ही भाड्याची जागा सोडून मांजलपूरला स्वतःचे घर घेतले. सहा लाखांचे कर्ज होते, पंधरा वर्षांचे, साडेसात टक्क्यांनी. हप्ता होता ५,५६२ रुपये. हिशेब स्पष्ट होता : २०१९ मध्ये मी अठ्ठावन्न वर्षांचा होऊन निवृत्त होणार आणि त्याच वर्षी घर माझे होणार. पुढच्या चार वर्षांत व्याजदर चढत गेले. बँकेकडून पत्रे येत. दर बदलला आहे, हप्ता तोच आहे, असा त्यांचा आशय असे. शेवटी कोठेतरी बारीक अक्षरात उरलेल्या हप्त्यांची संख्या असे. हप्ता तोच आहे एवढे वाचून मी ती पत्रे एका फाईलमध्ये लावून टाकी. वर्गात मुलांना चक्रवाढव्याजाची उदाहरणे घालणारा मी, घरी आलेले उदाहरण सोडवीतच नव्हतो.

२०१९ मध्ये निवृत्तीच्या आदल्या महिन्यात मी शाखेत गेलो. कर्ज संपल्याचा दाखला आणि घराची मूळ कागदपत्रे केव्हा मिळतील, हे विचारायचे होते. खिडकीपलीकडील तरुणाने संगणकात पाहिले आणि शांतपणे सांगितले, “सर, अजून चव्वेचाळीस हप्ते आहेत.” दोन लाखांहून थोडी अधिक रक्कम शिल्लक होती. मी त्याच्याशी वाद घातला, आणि घरी येऊन फाईल उघडली तेव्हा माझा वाद हरला. प्रत्येक पत्रात ती संख्या होती. कोणी काही लपवले नव्हते. मी पाहिले नव्हते. ग्रॅच्युइटीच्या पैशांतून ते कर्ज फेडले. मुदतीआधी फेडल्याचा दंड लागला नाही, एवढेच समाधान. त्या पैशांतून सौ.च्या मनातली दक्षिणेची यात्रा व्हायची होती. ती त्या वर्षी झाली नाही, आणि पुढच्या वर्षी तर जगच बंद झाले. तिने याबद्दल मला कधी शब्दाने दुखावले नाही. पण मला ते विसरता आलेले नाही.

म्हणून त्या रविवारी जेवणे उरकल्यावर मी एक कोरी वही आणि माझे जुने गणकयंत्र घेऊन लेकीसमोर बसलो. ती हसली. “पाव टक्का तर आहे, बाबा. सव्वीस हजारांवर पाव टक्का म्हणजे पासष्ट रुपये.”

पहिली चूक नेमकी येथेच होते, आणि ती शहाण्यासुरत्या माणसांची होते. पाव टक्का हप्त्यावर लागत नाही. तो शिल्लक मुद्दलावर लागतो. तीस लाखांचा पाव टक्का म्हणजे वर्षाला साडेसात हजार, महिन्याला ६२५ रुपये. दोन हप्त्यांत तिचे मुद्दल साडेनऊ हजारांनीच उतरले होते, म्हणून हिशेब सोपा राहावा यासाठी आम्ही तो पूर्ण तीस लाखांवर आणि पूर्ण वीस वर्षांवरच केला.

मी वहीत दोन रकाने आखले. कोणत्याही महिन्याचे व्याज काढायला फार विद्या लागत नाही. शिल्लक मुद्दलाला व्याजदराने गुणावे आणि बाराशेंनी भागावे. शंभर टक्क्यांचे आणि बारा महिन्यांचे. साडेआठ टक्क्यांनी तीस लाखांचे महिन्याचे व्याज २१,२५० रुपये होते. २६,०३५ च्या हप्त्यातून ते वजा केले की ४,७८५ रुपये उरतात. एवढेच काय ते मुद्दलात जाते. आता दर पावणेनऊ झाला. व्याज २१,८७५ झाले. हप्ता तोच ठेवला, तर मुद्दलासाठी ४,१६० रुपये उरतात.

लेकीने त्या दोन आकड्यांकडे पाहिले. “म्हणजे हप्ता तोच, पण फिटतं ते कमी.”

तेच तर खरे मर्म आहे. वाढलेले ६२५ रुपये सव्वीस हजारांतून गेलेले दिसत नाहीत; पण ते जातात पावणेपाच हजारांतून. कर्जाच्या आरंभी हप्त्यात मुद्दलाचा वाटा आधीच लहान असतो, आणि पाव टक्का त्या लहान वाट्याचा आठव्या हिश्श्याहून अधिक भाग एका घासात खातो. बँकेला तिचे व्याज प्रथम मिळते, मुद्दलाला उरलेले मिळते. त्यामुळे दरवाढीचा सारा भार मुद्दलावर पडतो. आणि मुद्दल हळू उतरले, की पुढच्या महिन्याचे व्याजही थोडे अधिक होते. ते पुन्हा मुद्दलाचा वाटा खाते. वर्गात मी ज्याला चक्रवाढ म्हणत असे, तो हाच खेळ होता. फक्त तो आता आमच्या घरात चालू होता.

मग आम्ही दोन्ही वाटा शेवटपर्यंत चालून पाहिल्या.

पहिली वाट हप्ता वाढवण्याची. वीस वर्षांतच कर्ज फेडायचे ठरवले, तर पावणेनऊ टक्क्यांनी हप्ता २६,५११ रुपये होतो. म्हणजे वाढ ४७७ रुपयांची. येथे लेकीने चांगला प्रश्न विचारला. पहिल्या महिन्याचे व्याज ६२५ रुपयांनी वाढले, मग हप्ता ४७७ रुपयांनीच वाढून कसे भागते? त्याचे उत्तर असे की ६२५ रुपये हा पहिल्या महिन्याचा भार आहे. मुद्दल जसजसे उतरते, तसतसा पाव टक्क्याचा भारही उतरतो. पंधराव्या वर्षी तो निम्म्याहूनही कमी झालेला असतो. हप्ता मात्र सर्व महिन्यांसाठी एकच ठेवायचा असतो, म्हणून तो या चढत्या-उतरत्या भाराच्या मधोमध कोठेतरी बसतो. वीस वर्षांचे २४० हप्ते धरले तर ४७७ रुपयांचे १ लाख १४ हजार होतात. साडेआठ टक्क्यांनी एकूण व्याज ३२ लाख ४८ हजार झाले असते, ते ३३ लाख ६३ हजार होते.

दुसरी वाट बँकेने आपण होऊन धरलेली : हप्ता तोच, मुदत लांब. २६,०३५ रुपयांच्या हप्त्याने पावणेनऊ टक्क्यांचे तीस लाख फिटायला २४० नव्हे, तर २५२ हप्ते पूर्ण आणि २५३ वा अर्धामुर्धा लागतो. साडेबारा हप्ते वाढले. प्रत्येक हप्ता सव्वीस हजारांचा. वाढीव व्याज ३ लाख २४ हजारांच्या घरात गेले.

लेक काही क्षण बोलली नाही. मग म्हणाली, “एकच पाव टक्का. एका वाटेनं सव्वा लाखाच्या आत आणि दुसरीनं सव्वातीन लाख? यात कोणीतरी फसवतंय, बाबा.”

मलाही २०१९ मध्ये असेच वाटले होते. पण गणित कोणाची बाजू घेत नाही, आणि शिक्षकाने तरी ती घेऊ नये. मी तिला म्हटले, तू ते ४७७ रुपये दरमहा बँकेला दिले नाहीस, याचा अर्थ काय? द्यायचे होते आणि दिले नाहीत, म्हणजे ते तू दरमहा बँकेकडून उसने घेतलेस. पावणेनऊ टक्क्यांनी, घराच्याच कर्जात मिसळून. पहिल्या महिन्याचे ४७७ रुपये वीस वर्षे वाढत राहिले, दुसऱ्या महिन्याचे त्याहून एक महिना कमी, आणि असेच पुढे. अशा २४० लहान उसनवारींची बेरीज वीस वर्षांअखेर किती होते, तेही आम्ही काढले. ती ३ लाख ८ हजार होते. म्हणजे ज्या दिवशी तिला वाटणार की घर आता आपले झाले, त्या दिवशी खात्यात ३ लाख ८ हजार शिल्लक असणार. त्यांतले १ लाख १४ हजार हे न दिलेले ४७७ रुपये, आणि उरलेले जवळजवळ दोन लाख हे त्यांच्यावर चढलेले व्याज. ही शिल्लक फेडायलाच ते साडेबारा हप्ते लागतात.

तेव्हा फसवणूक नाही. न मागता मिळालेले आणखी एक कर्ज आहे. ते घेण्यासारखे असेलही. ज्याच्या घरी त्या महिन्यात आजारपण आहे, मुलाची फी भरायची आहे, त्याला हप्ता न वाढणे ही खरी सोय असते, आणि त्या सोयीची किंमत देणे शहाणपणाचेही असू शकते. कोणी असेही म्हणेल की ते ४७७ रुपये दरमहा दुसरीकडे गुंतवले आणि कर वजा जाता तेथे पावणेनऊ टक्के मिळाले, तर हिशेब बरोबरीत सुटेल. हे अगदी खरे आहे. पण महिन्याला ४७७ रुपये वेगळे काढून वीस वर्षे न मोडता ठेवणारा माणूस मी पाहिलेला नाही. ते भाजीत जातात, रिक्षात जातात, आणि त्यात काही पापही नाही. आक्षेप एवढाच, की हे कर्ज आपण घेत आहोत हे घेणाऱ्याला ठाऊक असावे.

लेकीला मात्र रुपयांपेक्षा वर्षाने अधिक अस्वस्थ केले. जानेवारी २०४३ मध्ये संपणारे कर्ज फेब्रुवारी २०४४ मध्ये जात होते, आणि तिची निवृत्ती २०४३ च्या मध्यावर होती. शेवटचे सहा-सात हप्ते पगाराविना भरावे लागणार होते. “तुमच्यासारखंच,” ती हळूच म्हणाली. ते चव्वेचाळीस हप्ते तिच्याही लक्षात होते, हे मला तेव्हा कळले.

आणि हा तर एकच पाव टक्का होता. तो कोठून आला, तेही तिला दाखवणे आवश्यक होते. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाहेरच्या एखाद्या दराशी जोडावी लागतात, आणि बहुतेक बँकांनी त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर निवडला. लेकीच्या करारात रेपो दर अधिक सव्वादोन टक्के असे लिहिलेले होते. ७ डिसेंबर २०२२ रोजी रेपो सव्वासहा टक्के झाला, म्हणून जानेवारीत तिला साडेआठचा दर लागला. ८ फेब्रुवारी २०२३ रोजी रेपो साडेसहा झाला. करारानुसार दर तीन महिन्यांनी दर नव्याने ठरतो, त्यामुळे ती वाढ तिच्यापर्यंत एप्रिलमध्ये पोहोचली. तिच्या बँकेने मनाने काही वाढवले नव्हते.

तिच्याहून वर्षभर आधी, २०२२ च्या आरंभी कर्ज घेतलेल्यांची स्थिती अधिक कठीण होती. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर गेला. असे दहा पाव टक्के त्यांच्या वाट्याला आले. समजा, कोणी तीस लाख रुपये तीस वर्षांसाठी पावणेसात टक्क्यांनी घेतले होते. त्याचा हप्ता १९,४५८ रुपये. अडीच टक्के वाढून दर सव्वानऊ झाल्यावर नुसते व्याजच बावीस हजारांच्या वर जाते. अशा वेळी हप्ता तोच ठेवला, तर मुदत लांबून लांबून संपतच नाही. दरमहा नेमाने हप्ता भरूनही कर्ज वाढत जाते. तेथे मुदत वाढवण्याची वाटच बंद होते आणि हप्ता एकदम मोठी उडी घेतो. आपल्या खात्यात हे होत आहे का, हे ओळखण्याची खूण एकच : उताऱ्यातील शिल्लक मुद्दल मागच्या महिन्याहून कमी झाले आहे की नाही, ते पाहावे.

आम्ही त्या दुपारी आणखी एक उदाहरण सोडवले, आणि मला वाटते, त्यानेच लेकीचा निर्णय झाला. हाच पाव टक्का कर्जाच्या पंधराव्या वर्षाअखेर वाढला असता तर? साडेआठ टक्क्यांनी नियमित फेडलेल्या तीस लाखांचे तेव्हा १२ लाख ६९ हजार उरलेले असतात. तेथे पाव टक्का वाढला आणि हप्ता तोच ठेवला, तर मुदत किती वाढते? अर्धा महिनाही नाही. आरंभी साडेबारा हप्ते, पंधरा वर्षांनंतर अर्ध्याहून कमी. पाव टक्का तोच. पण त्याच्यासमोर मुद्दल किती आहे आणि वर्षे किती आहेत, यावर त्याचे वजन ठरते. म्हणून दरवाढीचा संदेश जुन्या कर्जदाराने दुर्लक्षिला तरी एक वेळ चालेल. नव्या कर्जदाराने तो उघडून वाचलाच पाहिजे, आणि नेमके नवे कर्जदारच पडदे, पंखे आणि वास्तुशांतीच्या गडबडीत तो वाचीत नाहीत.

दुसऱ्या दिवशी लेक शाखेत गेली आणि हप्ता वाढवून मुदत पूर्ववत ठेवण्याची विनंती तिने केली. समोरच्या अधिकारी बाई सौजन्याने बोलल्या. पण पद्धतच मुदत वाढवण्याची आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. लोक हप्ता वाढला की तक्रार घेऊन येतात, हप्ता वाढवा म्हणून कोणी येत नाही, असेही त्या म्हणाल्या. त्यात तथ्य असावे. लेकीने लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली, आणि दोन खेपांनंतर काम झाले. मेपासून तिचा हप्ता पाऊणेपाचशे रुपयांच्या आसपास वाढून गेला आणि उरलेल्या हप्त्यांची संख्या जागेवर आली.

त्याच वर्षी १८ ऑगस्टला रिझर्व्ह बँकेने याविषयी परिपत्रक काढले. ते वाचताना मला आमची ती वही आठवली. दर बदलल्यावर हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की थोडे दोन्ही करायचे, याची निवड आता कर्जदाराला द्यावी लागते. बँकेच्या धोरणानुसार स्थिर दराकडे जाण्याचा पर्यायही तेव्हा त्या परिपत्रकानुसार द्यावा लागत होता. मुदत इतकी लांबवता येत नाही की हप्त्यातून व्याजही भागू नये. आणि दर तिमाहीला द्यायच्या विवरणात आजवर वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम आणि उरलेल्या हप्त्यांची संख्या स्पष्ट सांगावी लागते. वर्षअखेरपर्यंत हे जुन्या कर्जांनाही लागू झाले. माझ्या वेळच्या पत्रात जी संख्या बारीक अक्षरात होती, ती आता सांगण्याची बाब झाली. नियमाने एवढे केले. वाचण्याचे काम मात्र नियमाला करता येत नाही, ते ज्याचे त्यालाच करावे लागते.

पुढे वारे फिरले. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर पाव टक्क्याने उतरला आणि लेकीचा दर पुन्हा साडेआठवर आला. या वेळी तिने मला संदेश दाखवला नाही. फोनवर थेट विचारले, “बाबा, हप्ता ४४० रुपयांनी कमी होतोय. करू की नको?”

“तूच सांग,” मी म्हटले.

तिने हिशेब आधीच केलेला होता. मुद्दल साडेअठ्ठावीस लाखांच्या थोडे वर होते, हप्ते २१४ उरले होते. हप्ता कमी करून मुदत तीच ठेवली, तर उरलेल्या काळात पंचाण्णव हजारांच्या आसपास वाचत होते. हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली, तर आठ हप्ते सुटत होते आणि दोन लाखांहून अधिक वाचत होते. चढताना जी वाट महाग होती, तीच उतरताना लाभाची झाली होती. तिने हप्ता तोच ठेवला. डिसेंबर २०२५ पर्यंत रेपो आणखी तीन वेळा उतरून सव्वापाचवर आला, आणि प्रत्येक वेळी तिने तेच केले. आता तिचे कर्ज निवृत्तीच्या बरेच आधी संपेल, असे दिसते. दर पुन्हा चढले तर ते पुढे सरकेलही. पण ते सरकताना तिला दिसेल.

परवा तिचा मुलगा आमच्याकडे राहायला आला होता. नऊ वर्षांचा आहे. त्याला मी पावकी म्हणून दाखवली. शाळेत दशांश अपूर्णांक शिकवतात, त्यामुळे त्याला ती मोठी गमतीची वाटली. “आजोबा, हे तर सोपं आहे,” तो म्हणाला. “चार वेळा पाव म्हणजे एक.”

“हो,” मी म्हटले, “पण कशाचा पाव, हे आधी विचारायचं.”

सौ. आतून हे ऐकत असावी. ती बाहेर आली, नातवाच्या हातावर लाडू ठेवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “आणि ते वेळेवर विचारायचं.”

मी मान डोलावली. दिवाळीनंतरच्या रामेश्वरच्या गाडीची तिकिटे त्याच आठवड्यात काढायची होती.